जांभळा बल्ब, निळा बल्ब आणि मधलं कॅल्शियम: सीरम-प्लाझ्माचे नेहमीचे प्रश्न

पावसाळा लागला की आमच्या लॅबमध्ये दिवसभर दोनच शब्द ऐकू येतात, डेंग्यू आणि प्लेटलेट. मागच्या पावसाळ्यात शेजारचे एक काका रात्री साडेनऊला दार वाजवून आले, हातात रिपोर्ट, मुलगा १९ वर्षांचा, तीन दिवस ताप, आणि प्लेटलेट लिहिलेले २२ हजार. नॉर्मल दीड लाख ते साडेचार लाख. घरात रडारड, कोणीतरी ब्लड बँकेत फोन लावतंय, काकू पपईच्या पानांचा रस काढतायत. मुलगा मात्र पलंगावर मोबाईल बघत पडलेला, अंगावर एक लाल ठिपका नाही, हिरड्यातून रक्त नाही. मी लॅब उघडून रक्त घ्यायचे दोन बल्ब, म्हणजे रंगीत टोपणाच्या छोट्या नळ्या, भरून घेतले, एक जांभळा आणि एक निळा. जांभळ्यात आले २४ हजार, निळ्यात १ लाख ६७ हजार. एकाच दंडातलं, एकाच सुईचं रक्त!

काका म्हणाले, "यातलं खरं कुठलं? आणि एवढे रंगीबेरंगी बल्ब कशाला लागतात तुम्हाला, रक्त ते रक्त." तेव्हा रात्री जे तोंडी सांगितलं तेच जरा नीट लिहून काढतोय, कारण हे प्रश्न रोज कोणी ना कोणी विचारतंच.

## आधी हे सांगा, सीरम आणि प्लाझ्मा एकच ना?

नाही, पण सख्खी भावंडं आहेत. रक्तात साधारण निम्म्याहून थोडा जास्त भाग पातळ, पिवळसर पाणी असतो आणि उरलेल्यात लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. हे पिवळं पाणी आपण दोन वेगळ्या वाटांनी काढतो आणि त्यावरून त्याचं नाव ठरतं.

पहिली वाट म्हणजे रक्त साध्या बल्बमध्ये घ्यायचं आणि चक्क गोठू द्यायचं. अर्धा तास स्टँडला उभं ठेवलं की लाल घट्ट गोळा होतो, मग दहाएक मिनिटं सेंट्रिफ्यूजला फिरवलं की गोळा खाली बसतो आणि वर पिवळं पाणी सुटतं, ते सीरम. घरी दही लावल्यावर दुसऱ्या दिवशी वर पाणी सुटतं ना, अगदी तसं. सीरम हा लॅटिन शब्दच मुळात त्या निवळीसाठीचा आहे, त्यामुळे ही उपमा माझी नाही, जुनीच आहे.

दुसरी वाट म्हणजे रक्त गोठूच द्यायचं नाही. बल्बमध्ये आधीच एखादं न गोठू देणारं औषध टाकलेलं असतं, रक्त घेतलं, हलकेच खालीवर केलं, फिरवलं, की पेशी खाली आणि पाणी वर, हा प्लाझ्मा. ताकाचा तांब्या तासभर तसाच ठेवला की खाली साका आणि वर निवळ, तसं. आणि ताक ढवळलं की पुन्हा पहिल्यासारखं होतं, तसा प्लाझ्मावाला बल्बही हलवला की पुन्हा रक्तच होतं. सीरमचा गोळा मात्र कितीही हलवा, दह्याचं पुन्हा दूध होत नाही.

फरक काय राहिला मग? गोठताना जे वापरलं गेलं ते. फायब्रिनोजेन नावाचं एक प्रथिन असतं, लिटरभर प्लाझ्मात साधारण २ ते ४ ग्रॅम, गोठताना त्याचे धागे होतात आणि त्या धाग्यांच्या जाळ्यात पेशी अडकतात. ते प्रथिन आणि गोठवणारे आणखी काही घटक गोळ्यात खर्ची पडतात. म्हणजे प्लाझ्मातून हे वजा केलं की सीरम. त्यामुळे रक्त गोठतंय कसं हे बघायची टेस्ट सीरमवर होऊच शकत नाही, लग्न लागून गेल्यावर मुहूर्त काढण्यातला प्रकार आहे तो.

## न गोठू देणारं औषध नेमकं करतं काय?

इथे सगळा खेळ कॅल्शियमचा आहे, हाडातलं नव्हे, रक्तात विरघळलेलं. गोठवणारे घटक एकटे एकटे फिरत असतात, त्यांना प्लेटलेटच्या पृष्ठभागावर येऊन बसायचं असतं आणि बसायला मधे कडी लागते, ती कडी म्हणजे कॅल्शियम. कडी काढून घ्या, सगळे घटक जागच्या जागी असूनही रक्त पातळच राहतं. जांभळा बल्ब आणि निळा बल्ब दोघंही हेच करतात, कॅल्शियम पकडून ठेवतात. मग दोन कशाला? पकड वेगळी आहे म्हणून.

जांभळ्यात ईडीटीए असतं. एक रेणू कॅल्शियमला सहा बाजूंनी धरतो, या पकडीला रसायनशास्त्रात जो शब्द आहे तो ग्रीकमधल्या खेकड्याच्या नांगीवरून आलाय, आणि ज्याचं बोट एकदा खेकड्याने धरलंय त्याला पुढचं समजावायला नको. निळ्यात सोडियम सायट्रेट असतं, लिंबाच्या आंबटपणाचं भावंड. ते कॅल्शियम धरतं पण वाळत घातलेल्या कपड्याच्या चिमट्यासारखं, ओढलं की सुटतं.

## मग घट्ट पकड कधी हवी आणि सैल कधी?

पेशी मोजायच्या असतील तर घट्ट. सीबीसी म्हणजे हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट वगैरे, त्यासाठी रक्त बल्बमध्ये काही तास तरी पूर्ण पातळ राहायला हवं, बारीकशी गुठळी झाली तरी मशिनची नळी तुंबते आणि आकडे चुकतात. ईडीटीएत पेशींचा आकारही बराच वेळ चांगला टिकतो, म्हणून काचेवर रक्ताचा थेंब पातळ ओढून मायक्रोस्कोपखाली बघतात तो स्मिअर करायलाही तेच, फक्त पहिल्या एक-दोन तासात केलेला बरा. शिवाय ते बल्बच्या आतल्या भिंतीवर वाळवून फवारलेलं असतं, त्यामुळे रक्तात पाणी पडत नाही. तीन महिन्यांच्या साखरेचीही टेस्ट, एचबीएवनसी, याच बल्बमधून होते कारण तिथे लाल पेशीच लागतात.

गोठण्याची टेस्ट करायची असेल तर सैल पकड. पीटी-आयएनआर बघा, हृदयात कृत्रिम झडप बसवलेली किंवा रक्त पातळ व्हायची गोळी चालू असलेली माणसं दर महिन्याला करतात ती. आपण काय करतो, निळ्या बल्बचा प्लाझ्मा काढतो, ३७ डिग्रीला गरम करतो, त्यात एक रिएजंट टाकतो आणि त्याच क्षणी घड्याळ चालू. रिएजंटमध्ये गोठण सुरू करणारी वस्तूही असते आणि कॅल्शियमही. बाहेरून कॅल्शियम आलं की चिमट्यात अडकलेल्याची भरपाई होते आणि थांबलेलं गोठणं पुढे चालू होतं. हाताने करायचो तेव्हा वॉटर बाथमध्ये नळी तिरकी करून करून बघायचो, बारा-तेरा सेकंदाला पाणी एकदम जेलीसारखं थबकतं, एक धागा दिसतो, तिथे घड्याळ बंद. म्हणजे निळा बल्ब रक्ताला पॉज करतो आणि टेस्टमध्ये आपण प्ले दाबतो.

जांभळ्याच्या प्लाझ्मावर हेच करून बघा, टाकलेलं कॅल्शियमही खेकडा गिळतो, धागा दिसायला फार वेळ लागतो किंवा दिसतच नाही. आणि गोठवणाऱ्या घटकांपैकी पाचवा आणि आठवा ईडीटीएत टिकतही नाहीत. गंमत म्हणजे दोन्ही प्लाझ्मा दिसायला सारखेच फिकट पिवळे, कोणी चुकून जांभळ्याचा प्लाझ्मा दुसऱ्या नळीत ओतून "सायट्रेट" लिहून पाठवला तर डोळ्यांनी कळत नाही. जांभळ्यातलं ईडीटीए पोटॅशियमचं मीठ असतं, म्हणून संशय आला तर त्यातलं पोटॅशियम तपासायचं, आभाळाला भिडलेलं असेल तर चोर सापडला.

## निळा बल्ब रेघेपर्यंत भरायचाच असा हट्ट का?

कारण सायट्रेट पातळ असतं आणि त्याचं माप ठरलेलं असतं, ९ भाग रक्ताला १ भाग. नेहमीच्या बल्बमध्ये ०.३ मिली सायट्रेट आणि रेघेपर्यंत २.७ मिली रक्त. समजा आजींची शीर सापडत नाहीये, कसंबसं १.८ मिली आलं आणि बिचारीला पुन्हा टोचायला नको म्हणून तसंच पाठवलं. रक्त कमी झालं पण सायट्रेट तेवढंच. आजींच्या रक्तात निम्म्याहून थोडा जास्त प्लाझ्मा धरला तर पूर्ण बल्बमध्ये प्लाझ्मा जवळपास दीड मिली, अर्ध्याकच्च्या बल्बमध्ये एक मिली. म्हणजे दर मिली प्लाझ्मामागे सायट्रेट ०.२ वरून ०.३ वर गेलं, दीडपट. आता टेस्टमध्ये टाकलेल्या कॅल्शियममधलं काही हे जास्तीचे चिमटेच धरून बसतात, धागा उशिरा येतो, आणि रिपोर्ट म्हणतो रक्त फारच पातळ झालंय. पीटीला याचा फटका जरा कमी बसतो, एपीटीटी नावाच्या दुसऱ्या टेस्टला जास्त. डॉक्टर गोळी कमी करतात, आणि झडपेवर गुठळी व्हायचा धोका वाढतो तो असा. म्हणून किमान ९० टक्के भरलेला नसेल तर आम्ही सॅम्पल परत पाठवतो, दया माया नाही.

पूर्ण भरलेल्या बल्बमध्येही हेच होऊ शकतं आणि ते फार जणांच्या लक्षात येत नाही. ज्यांच्या लाल पेशीच खूप जास्त आहेत, हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा ५५ टक्क्यांच्या वर, त्यांचा बल्ब अगदी रेघेवर भरला तरी आत प्लाझ्मा कमीच असतो, म्हणजे पुन्हा सायट्रेट जास्त. अशा माणसासाठी बल्बमधलं सायट्रेट हिशोब करून कमी करावं लागतं.

## सायट्रेट पोटात... म्हणजे शिरेत गेलं तर?

जातंच की. ब्लड बँकेच्या पिशवीत तेच असतं. १९१४-१५ च्या आसपास ब्रुसेल्सचे हस्टिन, ब्युनोस आयर्सचे आगोते आणि न्यूयॉर्कचे लुइसन यांनी सायट्रेट घातलेलं रक्त माणसाला चढवता येतं हे दाखवलं, त्याआधी देणारा आणि घेणारा शेजारी शेजारी झोपवून काम करावं लागायचं. आपलं यकृत सायट्रेट भराभर मोडून टाकतं. मशिनवर प्लेटलेट दान करताना ओठांभोवती झिणझिण्या येतात ना काहींना, तो सायट्रेटने थोडं कॅल्शियम तात्पुरतं पकडल्याचा परिणाम, म्हणून तिथे कॅल्शियमची गोळी चघळायला देतात. ईडीटीए मात्र पिशवीत वापरता येत नाही, खेकडा शिरेत सोडला तर रक्तातलं कॅल्शियम जिवावर बेतेल इतकं खाली नेईल.

## मग त्या मुलाचे प्लेटलेट जांभळ्यात कुठे गायब झाले?

गायब नाही झाले, एकमेकांना चिकटले. काही मोजक्या माणसांच्या रक्तात, हजारात साधारण एखाद्याच्या, अशी अँटिबॉडी असते जी एरवी कोणाला त्रास देत नाही. पण ईडीटीएने कॅल्शियम ओढून घेतलं की प्लेटलेटच्या अंगावरच्या एका प्रथिनाचा आकार बदलतो, आतली झाकलेली जागा उघडी पडते आणि अँटिबॉडी तिथे चिकटून प्लेटलेटचे पुंजके करते. हे फक्त बल्बमध्ये होतं, शरीरात नाही, आणि जितका वेळ जाईल तितके पुंजके वाढतात.

मशिनला डोळे नसतात, ते बारीक छिद्रातून एकेक कण सोडून आकारावरून ठरवतं हा कोण. द्राक्षं मोजायला बसवलं आणि समोर घोस आले, तर घोस त्याच्या हिशोबात द्राक्ष नाहीच, मोठं फळ आहे. मोठे पुंजके कधीकधी पांढऱ्या पेशीत धरले जातात, म्हणजे प्लेटलेट कमी आणि पांढऱ्या पेशी उगाच जरा जास्त.

त्या रात्री मला शंका आली ती तीन गोष्टींवरून. एक म्हणजे मुलाकडे बघून, २२ हजाराचा पेशंट असा दिसू शकतो, नाही असं नाही, पण ठिपके नाहीत, रक्त नाही म्हटल्यावर थांबावंसं वाटलं. दुसरं, मशिनच्या प्रिंटवर पुंजक्यांचा इशारा छापून आला होता, आणि पहिल्या ठिकाणी तो कोणी पाहिलाच नसावा. तिसरं आणि खरं म्हणजे स्मिअर. काचेवर थेंब ओढला, रंग दिला, मायक्रोस्कोपखाली काचेच्या शेपटीकडे गेलो तर वीस-वीस, तीस-तीस प्लेटलेटचे जांभळे ढीग. बल्बमध्ये काडी फिरवून गुठळीही बघितली, कारण नीट न हलवलेल्या बल्बमध्ये गुठळी झाली तरी प्लेटलेट असेच कमी येतात आणि तिथे अँटिबॉडीचा काही संबंध नसतो. गुठळी नव्हती.

मग निळा बल्ब. मशिनवर आलं १ लाख ५२ हजार. पण निळ्यात आधीपासून १० टक्के पाणी आहे ना, ९ भागाचे १० भाग झालेत, म्हणून १.१ ने गुणायचं, १ लाख ६७ हजार २००. हा गुणाकार विसरला की दीड लाखाच्या सीमेवरच्या माणसाला उगाच कमी दाखवलं जातं. याच पाण्यामुळे आपण रोजचं सीबीसी निळ्यात करत नाही.

## म्हणजे डेंग्यूत कमी आलेले प्लेटलेट खोटेच समजायचे?

अजिबात नाही, कृपया. डेंग्यूत प्लेटलेट खरोखर उतरतात आणि कमी आलेल्या बहुतेक रिपोर्टात ते खरेच कमी असतात. मी सांगतोय ते एवढंच की आकडा आणि माणूस जुळत नसतील तर "स्मिअर बघितला का" हे विचारायला लाज वाटू देऊ नका. आणि निळा बल्बही रामबाण नाही, काहींचे प्लेटलेट सायट्रेटमध्येही चिकटतात, तिथे मग ताजं रक्त लगेच मोजणं आणि काचेवरून अंदाज काढणं हेच हातात राहतं.

## प्लाझ्मा जास्त "खरा" असेल तर किडनी-लिव्हरच्या टेस्ट सीरमवर का?

चांगला प्रश्न आहे. शरीरात वाहतो तो प्लाझ्माच. पण सीरममध्ये बाहेरून काही मिसळलेलं नसतं, आणि फायब्रिनोजेन निघून गेलेलं असल्यामुळे मशिनची सुई धाग्यांनी तुंबत नाही. मायलोमा नावाच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी प्रथिनांच्या पट्ट्यांची टेस्ट असते तिथे तर प्लाझ्मा वापरला की फायब्रिनोजेनची पट्टी रोगाच्या पट्टीसारखीच दिसते, फुकट घाबरगुंडी. तोटा असा की गोठताना प्लेटलेट आपल्यातलं पोटॅशियम सोडतात, त्यामुळे सीरममध्ये ते प्लाझ्मापेक्षा जरासं जास्तच येतं, आणि ज्यांचे प्लेटलेट दहा लाखाच्या घरात आहेत त्यांच्यात बरंच जास्त. इमर्जन्सीमध्ये अर्धा तास थांबायला वेळ नसतो म्हणून हिरवा बल्ब वापरतात, त्यात हेपरिन असतं, ते कॅल्शियमला हातच लावत नाही, वेगळ्या मार्गाने गोठणं थांबवतं.

मग ईडीटीएचा प्लाझ्मा का नाही चालत? माझ्यावरच बेतलेला किस्सा सांगतो. नवीन होतो, एका लॅबमध्ये नोकरीला, नाव नको. लाल बल्बमध्ये रक्त कमी पडलं म्हणून सिनियरने जांभळ्यातलं थोडं लालमध्ये ओतलं, "चलता है". रिपोर्ट आला पोटॅशियम ९.८, जिथे साडेतीन ते पाच नॉर्मल, आणि कॅल्शियम ३.१, जिथे साडेआठच्या वर हवं. एवढ्या पोटॅशियमला हृदय कधीही बंद पडू शकतं, आणि पेशंट बाहेर बाकड्यावर चहात खारी बुडवून खात होता. झालं काय, जांभळ्यातलं ईडीटीए हे पोटॅशियमचंच मीठ असतं, त्यामुळे ते ओतलं की पोटॅशियम वर आणि कॅल्शियम पकडलं गेल्यामुळे खाली. अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइमही खाली पडलं होतं, त्याला लागणारे झिंक आणि मॅग्नेशियमही खेकड्याने उचलले. सोडियम तेवढं जागच्या जागी. ही जोडी, पोटॅशियम वर, कॅल्शियम आणि फॉस्फटेज खाली, दिसली की आधी बल्बकडे बोट दाखवायचं, पेशंटकडे नाही. थेंबभर ईडीटीए गेलं तर आकडे एवढे वेडे येत नाहीत, पोटॅशियम नुसतं ५.९ येतं आणि खरं वाटतं, ते जास्त वाईट.

म्हणूनच रक्त घेताना क्रम ठरलेला आहे, निळा आधी, मग लाल किंवा पिवळा, मग हिरवा, जांभळा त्यानंतर, साखरेचा राखाडी शेवटी. फुलपाखरू सुईने, म्हणजे बारीक नळी जोडलेल्या सुईने, घेत असतील तर निळ्याच्या आधी एक बल्ब फेकायला भरतात, कारण नळीतली हवा निळ्यात गेली की तेवढं रक्त कमी भरतं. आणि बल्ब हलवायचा म्हणजे उलटासुलटा करायचा, जांभळा आठ-दहा वेळा, निळा तीन-चार वेळा. कोणी खुळखुळ्यासारखा हलवत असेल तर लाल पेशी फुटतात, तिथे बोलायला हरकत नाही.

## एवढे बल्ब, किती रक्त काढता हो?

चार बल्ब धरले तरी दहा-बारा मिली, दोन-अडीच चहाचे चमचे. अंगात पाच लिटरच्या आसपास असतं.

त्या मुलाच्या फाइलवर मी लाल पेनाने लिहून दिलंय, "ईडीटीएमध्ये प्लेटलेट चिकटतात, सायट्रेटमध्ये मोजावेत, १.१ ने गुणावे", आणि पुढे कधी ऑपरेशन वगैरे निघालं तर हा कागद आधी दाखवा म्हणून बजावलंय. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह आली, ताप दोन दिवसांनी उतरला. काकूंना मात्र अजून वाटतं की २२ हजाराचे पावणेदोन लाख त्या पपईच्या रसाने केले, मी रक्त घ्यायच्या दहा मिनिटं आधीच त्याने अर्धी वाटी प्यायली होती म्हणे.